अपूर्णांक, वर्ग आणि टक्केवारीचा तक्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँक, एसएससी, एमपीएससी आणि सरळसेवेची तयारी करणारी मुलं मला अंकगणिताबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे साधे आहेत, पुढचे अडवणारे. एखाद्या उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॅडम, तक्ता नेमका कुठपर्यंत पाठ करायचा? कुणी १/२० म्हणतं, कुणी १/३० म्हणतं.

छेद १२ पर्यंत पक्का करा, त्यात १५, १६, २०, २५ आणि ४० एवढे सुटे घाला. बस्स. भिंतीवर लावलेले १/३० पर्यंतचे तक्ते मी पुष्कळ पाहिलेत. त्यातला १/२३ किंवा १/२९ पेपरात कधी कामी आला असं सांगणारं मूल मला अजून भेटलेलं नाही.

| छेद | एक भाग | पुढचे भाग |
|---|---|---|
| २ | ५०% | |
| ३ | ३३.३३% | २/३ = ६६.६७% |
| ४ | २५% | ३/४ = ७५% |
| ५ | २०% | ४०, ६०, ८०% |
| ६ | १६.६७% | ५/६ = ८३.३३% |
| ७ | १४.२८% | प्रश्न २ पाहा |
| ८ | १२.५% | ३७.५, ६२.५, ८७.५% |
| ९ | ११.११% | प्रश्न ३ पाहा |
| ११ | ९.०९% | प्रश्न ३ पाहा |
| १२ | ८.३३% | ५/१२ = ४१.६७%, ७/१२ = ५८.३३% |
| १५ | ६.६७% | |
| १६ | ६.२५% | ३/१६ = १८.७५% |
| २०, २५, ४० | ५%, ४%, २.५% | |

यातलंही सगळं वेगवेगळं पाठ करावं लागत नाही. ३ चा अर्धा केला की ६, त्याचा अर्धा केला की १२. ४ चा अर्धा ८, त्याचा अर्धा १६. तीन आणि चार या दोन मुळांवर अर्धा तक्ता उभा आहे. राहता राहिले ७, ९ आणि ११.

२. १/७ चे आकडे काही केल्या लक्षात राहत नाहीत. काही युक्ती आहे का?

१४२८५७ हे सहा आकडे एकदाच पाठ करा आणि ते गोल टेबलाभोवती बसलेत असं समजा. सातचा कुठलाही अपूर्णांक घेतलात तरी हेच आकडे याच क्रमाने येतात, फक्त सुरुवात बदलते. सुरुवात कुठून करायची ते आकड्यांच्या चढत्या क्रमाने ठरतं: १, २, ४, ५, ७, ८. म्हणजे १/७ ची सुरुवात १ पासून (१४.२८), २/७ ची २ पासून (२८.५७), ३/७ ची ४ पासून (४२.८५), ४/७ ची ५ पासून (५७.१४), ५/७ ची ७ पासून (७१.४२) आणि ६/७ ची ८ पासून (८५.७१).

पेपरात हे दोन रूपांत दिसतं. काही ठिकाणी १४ २/७% असं मिश्र अपूर्णांकात छापतात, काही ठिकाणी १४.२८% किंवा १४.२९%. मिश्र अपूर्णांक पाहून मुलं दचकतात. खरं तर तो सोपा प्रश्न आहे, कारण छेद किती हे प्रश्न काढणाऱ्याने स्वतःच सांगून टाकलेलं असतं.

३. १/९ आणि १/११ मध्ये माझा नेहमी घोळ होतो. ११.११ कुणाचं आणि ९.०९ कुणाचं?

हा घोळ होणारच, कारण दोघं एकमेकांचे आकडे पांघरून बसलेत. नऊच्या घरी अकरा आणि अकराच्या घरी नऊ. ९ × ११ = ९९, म्हणजे जवळजवळ शंभर, म्हणून असं होतं. तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पुढचे भाग पाढ्यांनीच येतात. नवव्या भागांना ११ चा पाढा लागतो: २/९ = २२.२२, ४/९ = ४४.४४, ७/९ = ७७.७७. अकराव्या भागांना ९ चा पाढा लागतो आणि तोच आकडा दशांशातही पुन्हा येतो: २/११ = १८.१८, ३/११ = २७.२७, ४/११ = ३६.३६, ७/११ = ६३.६३.

परीक्षेत खात्री करायची असेल तर दहाशी तुलना करा. छेद दहापेक्षा मोठा म्हणजे भाग लहान, म्हणून १/११ दहा टक्क्यांहून कमीच असणार. सराव परीक्षेत एकदा मी स्वतः घाईत ११.११% च्या जागी १/११ धरला होता आणि पर्यायांत ते उत्तरही हजर होतं. काढणाऱ्यांना हा घोळ चांगला माहीत असतो.

४. तक्ता पाठ आहे, पण प्रश्न समोर आला की आठवतच नाही. असं का होतं?

तुम्ही तो उलट्या दिशेने पाठ केला आहे म्हणून. "एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के" हे सगळ्यांना येतं. पेपरात मात्र कुणी १/८ विचारत नाही. तिथे ६२.५ दिसतं आणि त्यावरून ५/८ सुचावं लागतं. म्हणून उजवीकडून डावीकडे पाठ करा. नवी मुंबईच्या मुलांना "साडेबारा टक्के" म्हटलं की सिडकोची योजना आठवते. आठवल्यावर लगेच "आठवा हिस्सा" असं मनात आलं पाहिजे.

दुसरी खूण पायात असते. पाया म्हणजे ज्या संख्येचे टक्के काढायचे ती संख्या. हे उदाहरण पाहा:

एका भरतीला ७२०० अर्ज आले. त्यातले १६.६७% छाननीत बाद झाले. उरलेल्यांपैकी ३७.५% महिला होत्या. त्या महिलांपैकी ११.११% मुलाखतीपर्यंत पोचल्या. त्या किती?

७२०० ला ६, ८ आणि ९ या तिघांनीही भाग जातो. हा योगायोग नाही. काढणाऱ्याने आधी अपूर्णांक ठरवले आणि मग त्यांना पुरेल असा पाया निवडला. आता ओळीने चला. सहावा भाग गेला, ६००० उरले. त्याचे ३/८ म्हणजे २२५०. त्याचा नववा भाग २५०. कागद लागला नाही.

हेच दशांशाने करून पाहा. ७२०० चे १६.६७% म्हणजे १२००.२४. अर्जाचे तुकडे व्हायला लागले की समजावं, रस्ता चुकला. शेवटी उत्तर २४९ च्या पुढे काहीतरी येतं आणि पर्यायांत २४९ सुद्धा असेल तर पंचाईत होते.

५. पाया दिलेलाच नसेल तर? निवडणुकीच्या गणितात एकूण मतदार विचारतात तिथे मी अडकतो.

तिथे अपूर्णांक जास्तच उपयोगी पडतात, कारण क्ष धरावाच लागत नाही. समजा, एका गावात २०% मतदारांनी मतदान केलं नाही. उमेदवार दोनच होते, एकही मत बाद झालं नाही. विजयी उमेदवाराला झालेल्या मतदानाच्या ६२.५% मतं मिळाली आणि तो २४०० मतांनी जिंकला. एकूण मतदार किती?

६२.५% म्हणजे ५/८, तर हरलेल्याला ३/८. फरक २/८, म्हणजे पाव. पाव हिस्सा २४००, तर झालेलं मतदान ९६००. हे एकूण मतदारांच्या ४/५ आहे. चार भाग ९६००, एक भाग २४००, पाच भाग १२,०००.

चूक कुठे होते ते सांगते. ६२.५% हे झालेल्या मतदानाचे आहेत, एकूण मतदारांचे नाहीत. "चे" आणि "पैकी" या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लावा. अपूर्णांक बरोबर आणि पाया चुकीचा, अशी उत्तरं मी सर्वांत जास्त तपासते.

६. भाव २५% वाढला तर वापर २०% कमी करायचा, हे पाठ आहे. पण बाकीच्या आकड्यांना काय करायचं?

पाठ करू नका, एकदा समजून घ्या. साखरेचा भाव १२.५% ने वाढला. भाव किलोला ८ रुपये होता असं धरा, तो ९ झाला. आधी ७२ रुपयांत ९ किलो यायची, आता ८ किलो येते. नवातला एक किलो गेला, म्हणजे वापर १/९ ने, ११.११% ने कमी करावा लागला.

यातून नियम हाती येतो: १/८ ने वाढ झाली तर भरपाईची घट १/९. घट १/८ ने झाली तर भरपाईची वाढ १/७. वाढीत छेदात एक मिळवा, घटीत एक वजा करा. अंश एक नसेल तर छेदात अंशच मिळवायचा किंवा वजा करायचा. ३७.५% म्हणजे ३/८ वाढ असेल तर भरपाईची घट ३/११, म्हणजे २७.२७%. ३/८ घट असेल तर वाढ ३/५, म्हणजे थेट ६०%.

याच नियमाने पेपरातला एक आवडता प्रकार सुटतो. तेलाचा भाव २०% उतरल्यामुळे ४८० रुपयांत ३ किलो तेल जास्त आलं. मूळ भाव किती? भाव १/५ ने घटला, म्हणजे माल १/४ ने वाढला. वाढलेला पाव हिस्सा ३ किलो, तर आधी १२ किलो येत होतं. मूळ भाव ४० रुपये. पडताळा घ्या: आता १५ किलो येतं, भाव ३२ झाला आणि ४० चे २०% म्हणजे ८ कमी झाले.

हा नियम गुणाकार कायम असेल तिथेच चालतो. भाव आणि वापर मिळून खर्च तोच, वेग आणि वेळ मिळून अंतर तेच, लांबी आणि रुंदी मिळून क्षेत्रफळ तेच. खर्चही बदलतोय असं प्रश्नात असेल तर इथे हात लावू नका.

७. वर्ग कशाला पाठ करायचे? टक्केवारीशी त्यांचा काय संबंध?

संबंध चक्रवाढ व्याजात दिसतो आणि तिथे दोन्ही तक्ते एकत्र आले की फार मजा येते. ६४०० रुपयांवर द.सा.द.शे. १२.५ दराने २ वर्षांचं चक्रवाढ व्याज काढा. दर १/८, म्हणजे दरवर्षी ८ चे ९ होतात. दोन वर्षांत ८ × ८ चे ९ × ९, म्हणजे ६४ चे ८१. मुद्दल ६४००, रास ८१००, व्याज १७००.

सरळव्याज किती झालं असतं? वर्षाला ८००, दोन वर्षांचं १६००. दोन्हींतला फरक १०० रुपये आणि तो मुद्दलाचा बरोबर १/६४ आहे. दोन वर्षांच्या फरकाचा प्रश्न आला की दराच्या अपूर्णांकाचा वर्ग करून मुद्दलाला गुणायचं, झालं.

उलटंही जातं. मुद्दल ६२५ चं दोन वर्षांत ६७६ झालं, तर दर किती? ६२५ म्हणजे २५ चा वर्ग, ६७६ म्हणजे २६ चा. २५ चे २६ झाले, दर १/२५, म्हणजे ४%. ज्याला वर्ग पाठ आहेत त्याला हे वाचताक्षणी दिसतं, नसतील तो सूत्र लिहीत बसतो. २५६ चं २८९ दिसलं की १६ आणि १७, म्हणजे ६.२५%. ३६ चं ४९ दिसलं की ६ आणि ७, म्हणजे १६.६७%.

म्हणून वर्ग ३० पर्यंत तोंडपाठ हवेत. पुढचे बनवता येतात.

८. ३० च्या पुढचे वर्ग पटकन कसे बनवायचे?

५० ला खुंटी समजा. संख्या ५० पासून किती दूर आहे ते बघा. तेवढं २५ मध्ये मिळवा किंवा वजा करा, ते शेकडे झाले. अंतराचा वर्ग पुढे जोडा. ४७ हे ५० पेक्षा ३ ने कमी. २५ – ३ = २२ शेकडे, ३ चा वर्ग ०९, उत्तर २२०९. ५६ साठी २५ + ६ = ३१ शेकडे आणि ३६, म्हणजे ३१३६.

अंतर ९ पेक्षा मोठं झालं की वर्ग तीन आकडी होतो आणि तिथेच मुलं घसरतात. ६३ घ्या. २५ + १३ = ३८ शेकडे, १३ चा वर्ग १६९. शेजारी शेजारी लिहून ३८१६९ करायचं नाही. ३८०० मध्ये १६९ मिळवायचे, उत्तर ३९६९.

शंभराजवळच्या संख्यांना १०० ची खुंटी: ९७ हे ३ ने कमी, तर ९७ मधून आणखी ३ काढा, ९४ शेकडे आणि ०९, म्हणजे ९४०९. शेवटी ५ असेल तर ५ च्या आधीच्या आकड्याला त्याच्या पुढच्याने गुणून २५ जोडा: ६५ साठी ६ × ७ = ४२, म्हणजे ४२२५.

९. वर्गमूळ विचारलं तर?

पूर्ण वर्ग असेल तर दोन नजरांत होतं. ५४७६ घ्या. शेवटी ६ आहे, म्हणजे मूळ ४ किंवा ६ ने संपणार. ७० चा वर्ग ४९००, ७५ चा ५६२५. आपली संख्या ५६२५ च्या खाली आहे, म्हणून ७४. आणि शेवटी २, ३, ७ किंवा ८ असेल तर ती संख्या पूर्ण वर्ग नसतेच, मूळ काढायला बसू नका.

१०. १५% वाढवून १५% कमी केलं तर किंमत तीच का राहत नाही?

दुसऱ्या वेळी पाया मोठा झालेला असतो. तोटा त्या टक्क्यांचा वर्ग भागिले शंभर एवढा होतो: १५ चा वर्ग २२५, म्हणून २.२५% घट. आधी कमी करून मग वाढवलं तरी उत्तर हेच. अपूर्णांकात बघायचं तर १/८ वाढ आणि १/८ घट म्हणजे ९/८ × ७/८ = ६३/६४, चौसष्टातला एक गेला. ३७ × ४३ सारखे गुणाकारही असेच होतात: ४० चा वर्ग १६०० वजा ३ चा वर्ग ९, उत्तर १५९१.

११. १४% दिसलं की १/७ धरू का? ३३% ला १/३ चालेल?

पर्याय लांब लांब असतील तर चालेल, जवळ असतील तर मार खाल. पण त्याहून चांगली गोष्ट आहे: चूक किती होते ते आपल्याला नेमकं माहीत आहे, मग ती दुरुस्तच का करू नये?

३३% हे ३३.३३ पेक्षा बरोबर एक शतांश कमी आहेत. म्हणून १/३ काढा आणि त्यातून त्याचाच १% वजा करा. ९०० चे ३३%: तिसरा भाग ३००, त्यातून ३ गेले, २९७. हे अंदाजे नाही, अचूक आहे.

१४% साठी १/७ काढून त्याचे २% वजा करा, कारण १४ × ७ = ९८. ३५०० चे १४%: सातवा भाग ५००, त्यातून १० गेले, ४९०. १७% साठी १/६ काढून २% मिळवा, कारण १७ × ६ = १०२. ६०० चे १७%: १०० आणि २, म्हणजे १०२. १२% साठी १/८ काढून ४% वजा करा, कारण १२ × ८ = ९६. ११% साठी १/९ काढून १% वजा करा.

गुणाकार शंभराला किती कमी-जास्त पडतो तेवढीच दुरुस्ती. हे एकदा हाताला बसलं की तक्त्यात नसलेले टक्केही त्याच तक्त्यातून निघतात.

उलटी बाजू: छापलेलं १४.२८% असेल आणि पाया २४५० माणसांचा असेल, तर काटेकोर गुणाकार ३४९.८६ येतो. माणसं ३४९.८६ नसतात आणि २४५० ला ७ ने पूर्ण भाग जातो, म्हणून काढणाऱ्याच्या मनात ३५० च आहे. पायाला सातने भाग जात नसेल तर मात्र आधी शंका घ्या, मग अपूर्णांक धरा.

१२. "पाव टक्का" म्हणजे २५% ना? माझं उत्तर चुकलं आणि मला अजून कळलेलं नाही.

नाही. पाव म्हणजे २५%, पाव टक्का म्हणजे एका टक्क्याचा पाव, ०.२५%, अर्थात ४०० तला एक. तसाच अर्धा टक्का २०० तला एक. ८००० चा पाव टक्का २०, आणि ८००० चा पाव २०००. शंभरपटीचा फरक आहे.

याच्या शेजारीच दुसरा खड्डा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ केला, तेव्हा बातम्यांत "पाव टक्का कपात" आलं. ते दोन दरांमधलं नुसतं अंतर आहे. "दर किती टक्क्यांनी कमी झाला" असं गणितात विचारलं तर ०.२५ ला ६.५० ने भागायचं. २६ पावांतला एक पाव गेला, म्हणजे १/२६, सुमारे ३.८५%. बँकेच्या पेपरात आलेख देऊन हे दोन्ही प्रश्न एकापाठोपाठ विचारता येतात, म्हणून प्रश्नात "टक्क्यांनी" आहे की "अंकांनी" ते नीट वाचा.

१३. करासह किंमत दिली असेल तर मूळ किंमत पटकन कशी काढायची?

प्रश्न ६ चाच नियम. ५% म्हणजे १/२०. वीसचे एकवीस झाले, तर एकूण बिलात कर १/२१. हॉटेलचं बिल ५% जीएसटीसह ६३० रुपये असेल तर कर ३० आणि मूळ ६००. १८% म्हणजे ९/५०, म्हणून एकूणात कर ९/५९. ११८० रुपयांत तो १८० होतो. ६३० चे ५% काढून वजा करणारे ५९८.५० वर पोचतात आणि तो आकडा पर्यायांत ठेवलेलाच असतो.

१४. आजोबा म्हणतात आमच्या वेळी पावकी, निमकी, दिडकी पाठ असायची. त्याचा आता उपयोग आहे का?

आहे, आणि तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचेच पाढे होते. माझे आजोबा जेवताना विचारायचे, "सव्वीस सव्वा किती?" आम्ही "साडेबत्तीस" म्हणेपर्यंत पोळी वाढली जायची नाही. आज मी तोच प्रश्न "२६ मध्ये २५% वाढ" असा शिकवते.

सगळे पाढे आता पाठ करायला सांगणार नाही, पण शब्द वापरा. २५% वाढ म्हणजे सव्वापट, ५०% वाढ म्हणजे दीडपट, ७५% वाढ म्हणजे पावणेदोनपट, १५०% वाढ म्हणजे अडीचपट. "१५०% वाढ" वाचून दीडपट करणारी मुलं वर्गात दर वर्षी निघतात. मनात "शंभर होते, त्यात दीडशे आले, अडीचशे झाले" असं म्हटलं की ती चूक होत नाही.

१५. कॅल्क्युलेटर मिळणाऱ्या परीक्षेला हे लागतं का?

कॅटला स्क्रीनवर साधा कॅल्क्युलेटर असतो, तिथे गरज कमी. बँकेच्या पूर्व परीक्षेत तो नसतो आणि आयबीपीएस पीओच्या अंकगणित विभागात ३५ प्रश्नांना २० मिनिटं असतात. म्हणजे प्रश्नाला ३४ २/७ सेकंद. इथेही सातच आडवा आला.

१६. सराव कसा करायचा? तक्ता रोज वाचतो, तरी दोन आठवड्यांत विसरतो.

वाचू नका, स्वतःला विचारा. जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या करा. एका बाजूला ४१.६७, दुसऱ्या बाजूला ५/१२. टक्क्यांची बाजू वर ठेवा (का ते प्रश्न ४ मध्ये आहे). तीन मोजेपर्यंत उत्तर आलं नाही ती चिठ्ठी खिशात, आलं ती डब्यात. खिशातल्या चिठ्ठ्या बसमध्ये, रांगेत पुन्हा काढा. साधारण आठवड्याने खिशात पाचसहाच उरतात आणि बहुतेकांच्या त्याच असतात: ३६.३६ आणि ३७.५, ५७.१४ आणि ५८.३३, ६२.५ आणि ६३.६३. या जोड्या एका चिठ्ठीवर शेजारी शेजारी लिहा, कारण वेगवेगळ्या पाठ केल्या की पेपरात त्या एकमेकींच्या जागी येऊन बसतात.

वर्गांना चिठ्ठ्या लागत नाहीत. रस्त्यावरच्या गाड्यांच्या पाटीवरचे शेवटचे दोन आकडे घ्या आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत वर्ग करा. रिक्षा असेल तर वेळ पुरतो.